रात्रीचा पेग आणि पहाटेची साखर: मधुमेहात दारूनंतर साखर का कोसळते आणि त्या रात्री काय करायचं

पहाटे पावणेसहाला दवाखान्याच्या बाकावर आणून बसवलेला माणूस घामाने निथळत होता. डिसेंबरची थंडी, सोबतच्या मुलाच्या अंगावर स्वेटर आणि कानाला मफलर. वडिलांच्या शर्टाची कॉलर मात्र पिळून काढावी इतकी ओली. वय ५६, तोंडाला दारूचा वास, जीभ जड. मुलगा खाली मान घालून म्हणाला, “रात्री लग्नाच्या पार्टीत जरा जास्त झाली पप्पांना. अजून उतरली नाही.” बोटाला सुई टोचून थेंब पट्टीवर घेतला. साखर ३४.

दारू केव्हाच उतरणीला लागली होती. मेंदूला साखर मिळत नव्हती, आणि घरचे तीन तास ती झिंग समजून ‘झोपू दे त्यांना’ म्हणत बसले होते. घरात ग्लुकोमीटर होता, कपाटात.

आमच्याकडे पिण्याची एक ठरलेली रीत आहे: आधी बसायचं, शेवटी जेवायचं. तीन-चार तास पेग आणि चकणा, मग ‘आता भूक नाही राहिली’ म्हणून ताटावर दोन घास. ही रीत आणि मधुमेहाची रात्रीची गोळी एकत्र आली की काय होतं, ते या काकांच्या रात्रीवरून सांगतो. दारू न पिणं हेच सगळ्यांत सुरक्षित, हे मी प्रत्येक रुग्णाला सांगतो. पण जे पितात त्यांना हे माहीत असायलाच हवं, आणि त्यांच्या बायकोला, मुलांनाही.

आधी यकृताचं गणित

आपण जेवत नसतो तेव्हा रक्तातली साखर यकृत सांभाळतं. त्याच्याकडे दोन मार्ग असतात. पहिला म्हणजे साठा: जेवणातली जादा साखर ग्लायकोजेन म्हणून यकृतात साठवलेली असते, कणगीतल्या धान्यासारखी. पोटभर जेवलेल्या माणसात हा साठा साधारण १०० ग्रॅम असतो. शांत बसलेल्या माणसाचं यकृतही तासाला ८-१० ग्रॅम साखर रक्तात सोडतं, त्यामुळे हा साठा रात्रभराच्या उपासाने बराच उतरतो आणि दिवसभराच्या उपासाने जवळपास संपतो. दुसरा मार्ग नवी साखर बनवण्याचा. स्नायूंमधून आलेलं लॅक्टेट, प्रथिनांचे तुकडे, चरबीतलं ग्लिसरॉल यांपासून यकृत ताजी साखर तयार करतं. कणगी रिकामी होत आली की सगळा भार या मार्गावर येतो.

दारू बंद पाडते ती हा दुसरा मार्ग. दारू पचवताना यकृतातलं एनएडी नावाचं रसायन वापरलं जातं, आणि नवी साखर बनवायला नेमकं तेच लागतं. दारू शरीराच्या दृष्टीने विष, म्हणून यकृत आधी तिच्यामागे लागतं. ती रक्तात आहे तोवर नव्या साखरेचं काम जवळपास थांबतं.

म्हणून भरल्या पोटी, निरोगी माणसाने थोडी घेतली तर साखर सहसा कोसळत नाही. कणगी भरलेली असते. मधुमेह नसलेल्या माणसातही ती कोसळते, पण उपाशीपोटी. दोन-दोन दिवस नीट न जेवता पिणारा, उपास सोडायच्या आधीच ग्लास हातात घेणारा, उलट्यांनी पोटात काही न टिकलेला, असा माणूस पिऊन झोपतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, बेशुद्ध सापडतो. लहान मुलांची कणगी तर फारच छोटी. पाहुण्यांचा उरलेला ग्लास किंवा सॅनिटायझर मुलाने तोंडाला लावला असेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

मधुमेही माणसाची अडचण याहून मोठी आहे. इन्सुलिन, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिपिझाइड या गटातली गोळी (हा गट स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतो) घेतली की इन्सुलिन यकृताला सांगतं, ‘साठा बाहेर सोडू नकोस.’ म्हणजे कणगीत धान्य असलं तरी झाकण लागलेलं. दारूने नवी साखर थांबवलेली, गोळीने साठा अडवलेला. दोन्ही मार्ग एकाच रात्री बंद.

तुमची गोळी कोणती, हे आधी बघा

पाकीट हातात घ्या आणि घटकांची नावं वाचा. ब्रँडचं नाव पाहून कळत नाही. आपल्याकडे बहुतेक गोळ्या जोडगोळ्या असतात. ‘मी फक्त मेटफॉर्मिन घेतो’ म्हणणाऱ्यांच्या गोळीत अनेकदा ग्लिमेपिराइड मिसळलेलं असतं. वर दिलेल्या चारपैकी एखादं नाव दिसलं, किंवा तुम्ही इन्सुलिन घेत असाल, तर हा लेख थेट तुमच्यासाठी आहे.

नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत खाली जात नाही. पण भरपूर दारूबरोबर रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याचा वेगळा धोका असतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर असताना उपाशीपोटी भरपूर प्यायलं तर कीटोन वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं, तेही साखर फारशी वाढलेली नसताना. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज पाकिटावर दिसलं तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ती पुढे सांगतो.

काकांची रात्र, तासागणिक

दुपारी एकला जेवण. संध्याकाळी लग्नघरी धावपळ, सातच्या सुमारास वरातीत नाच. स्नायूंनी साखर ओढली, कणगी आणखी उतरली. आठ वाजता नेहमीची वेळ म्हणून ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिनची गोळी घेतली. ही गोळी जेवणाआधी घ्यायची, आणि जेवण ‘आत्ता होईलच’ असं वाटत होतं. साडेआठ ते साडेअकरा तीन मोठे पेग, सोबत खारे शेंगदाणे. जेवण राहिलं. बाराला झोपले.

आता हिशोब. भारतात बनलेल्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल २० ग्रॅमच्या आसपास येतं. तीन पेग म्हणजे १८० मिलिलिटर, एक अख्खी क्वार्टर, ६० ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम पचवतं. म्हणजे साडेआठला सुरू झालेलं काम पहाटे अडीच ते पाचपर्यंत चालणार. तेवढा वेळ नव्या साखरेचा मार्ग बंद, आणि ग्लिमेपिराइडचा असर त्याच रात्री. शेंगदाण्यात पिष्ट कमी, तेल जास्त. त्याने पोट भरल्यासारखं वाटलं, साखर मिळाली नाही.

अडीचला काकूंना जाग आली, ते बडबडत होते. साडेतीनला अंथरूण ओलं. पाचला हाक मारली तर नुसता हुंकार.

बिअरवाल्यांनी स्वतःला वेगळं समजू नये. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ४० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असतं, म्हणजे दोन मोठे पेग. बिअरमधल्या किंवा ग्लासात ओतलेल्या कोलातल्या साखरेने आधी आकडा वर जातो, माणूस निर्धास्त होतो किंवा घाबरून जादा इन्सुलिन घेतो, आणि खरी घसरण झोपेत होते.

पिण्याआधी

पहिली पायरी आधी जेवण, मग ग्लास. चकण्यावर भागवायचं नाही. दोन पोळ्या किंवा भाकरी, भाजी, वरण-भात असं खरं जेवण पोटात गेलं पाहिजे. एवढी एक सवय बदलली तरी मी पाहिलेल्या निम्म्याहून अधिक घटना टळल्या असत्या. जेवणाला उशीर होणार असेल तर निदान पोहे, उपमा, सँडविच असं काही आधी खाऊन घ्या.

दुसरं, गोळी घड्याळाला बांधायची नाही, ताटाला बांधायची. ग्लिमेपिराइड गटातली गोळी ताट समोर आल्यावरच घ्या. त्या रात्री जेवण होणार नसेल तर ती गोळी घेऊ नये, असंच आम्ही सहसा सांगतो. पण तुमच्या बाबतीत काय करायचं हे तुमच्या डॉक्टरांना आधीच्या भेटीत स्पष्ट विचारून ठेवा. ‘डॉक्टर, मी महिन्यातून दोनदा पितो, त्या रात्री गोळीचं काय करू?’ हा प्रश्न विचारायला रुग्ण लाजतात. विचारा. इन्सुलिनचंही तसंच: जेवणाचं इन्सुलिन जेवणाबरोबरच, आणि रात्रीचं ३०/७० मिश्रण टोचलं की जेवण टाळायचंच नाही. टाइप १ मधुमेहात मात्र लांब टिकणारं इन्सुलिन स्वतःच्या मनाने कधीच बंद करू नका, त्याचा धोका वेगळा आणि तितकाच मोठा आहे.

तिसरं, साखर तपासा. पिण्याआधीच १०० च्या खाली असेल तर त्या रात्री ग्लास उचलू नका.

आणि सोबतच्या एका माणसाला सांगून ठेवा: ‘मला शुगर आहे, गोळी चालू आहे. मी विचित्र वागलो तर दारू समजू नको, साखर बघ.’ खिशात ग्लुकोज पावडरची पुडी असू द्या.

पिताना

मोजून प्या. दोन लहान पेग, म्हणजे एकूण ६० मिलिलिटर, यापुढे पुरुषांनी जाऊ नये. स्त्रियांनी एका लहान पेगवर थांबावं. हाताने ओतलेला पेग मोजलेल्या पेगपेक्षा नेहमी मोठाच असतो, म्हणून मापाशिवाय ओतू नका. नाच, वरात, पोहणं त्याच दिवशी झालं असेल तर धोका वाढतो हे धरून चाला. यकृताचा आजार, स्वादुपिंडाला आलेली सूज, पायांच्या नसांचा त्रास, गरोदरपण, किंवा पूर्वी साखर कमी होऊन बेशुद्ध पडण्याचा प्रसंग यातलं काहीही असेल, तर दोन पेगही तुमच्यासाठी नाहीत.

उलटी झाली तर ती साधी गोष्ट मानू नका. जेवण बाहेर पडलं, गोळी मात्र आत गेलेली आहे. लगेच साखर तपासा, घोट-घोट साखरपाणी द्या, आणि तेही टिकत नसेल तर दवाखाना.

झोपताना, रात्री आणि सकाळी

झोपण्याआधी तपासणी चुकवू नका. हात साबणाने धुवून कोरडे करा. फरसाण, मिठाई, कोला लागलेल्या बोटाचा आकडा खोटा वर येतो आणि खरी घसरण लपते. आकडा १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाल्ल्याशिवाय झोपायचं नाही. १०० ते १४० मध्ये असेल तरी मी दुधासोबत चार साधी बिस्किटं किंवा एक पोळी खायला सांगतो, कारण पुढचे तास उताराचेच आहेत. आणि २२० दिसले तर? काही करू नका. पिऊन झाल्यावर वरचा आकडा खाली आणायला जादा इन्सुलिन टोचणं ही मी पाहिलेली सगळ्यांत घातक चूक आहे.

एकट्याने खोलीत कडी लावून झोपू नका. पहाटे तीनचा गजर लावा आणि एकदा तपासा. घरच्यांनीही हाक मारून बघावं: उत्तर नीट येतं का, कपाळ ओलं आहे का.

धोका सकाळी संपत नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात टाइप १ मधुमेहाच्या सहा पुरुषांना रात्री नऊ वाजता वाइन दिली होती. सहापैकी पाच जणांची साखर दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्त्यानंतर, उपचार करावा लागेल इतकी खाली गेली. म्हणून दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत लोळणं, नाश्ता टाळणं नको. नेहमीच्या वेळी उठा, तपासा, खा. २४ तास लक्ष ठेवायचं.

झिंग की साखर?

अडखळती जीभ, झोक जाणं, चिडचिड, असंबद्ध बडबड, गुंगी: दोन्हींत हेच दिसतं. थंड घाम, थरथर, धडधड, अचानक लागलेली भूक ही साखरेकडे बोट दाखवणारी लक्षणं, पण दारूने ती माणसाला स्वतःला जाणवत नाहीत. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल अशा गोळ्या चालू असतील तर थरथर आणि धडधड झाकली जाते. घाम मात्र येतो.

माझ्या अनुभवातली एक खूण सांगतो. दारू चढलेला माणूस शेवटच्या पेगनंतर तासातासाने सुधारत जातो. शेवटचा पेग साडेअकराला झाला आणि माणूस अडीचला होता त्यापेक्षा पहाटे पाचला जास्त गुंगीत आहे, तर ती झिंग नाही. पण खुणांवर विसंबू नका. मधुमेही माणूस प्यायल्यावर नेहमीसारखा वागत नसेल तर बोटाला सुई टोचा. यंत्रावर आकड्याऐवजी `LO` आलं तर साखर यंत्राला मोजता येण्यापेक्षाही खाली आहे. यंत्र नसेल आणि माणूस गिळू शकत असेल, तर साखर कमी आहे असं समजूनच गोड द्या. तेवढ्या गोडाने होणारं नुकसान, न दिल्याने होणाऱ्या नुकसानीपुढे काहीच नाही.

साखर ७० च्या खाली आली तर

माणूस शुद्धीवर आहे आणि नीट गिळतोय: उठवून बसवा आणि १५ ग्रॅम साखर पोटात घाला. म्हणजे तीन भरलेले चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्धा ग्लास पाण्यात, किंवा साधा कोला १५० मिलिलिटर. डाएट कोला चालत नाही. चॉकलेट, पेढा, बर्फी, चकणाही चालत नाही. तूप-तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. साखर ५४ च्या खाली असेल तर सरळ दुप्पट द्या.

मघाशी सांगायची राहिलेली गोष्ट इथे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर घरची साखर लवकर कामाला येत नाही, कारण ती फोडण्याचं काम या गोळ्या अडवतात. तिथे ग्लुकोज पावडरच हवी. ती घरात आणून ठेवा, आणि पाकिटावर घटक वाचून घ्या.

१५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की पोळी, भात, दूध-बिस्किटं असं टिकाऊ काही खायला द्या. एरवी इथे काम संपतं. दारूच्या रात्री संपत नाही. दिलेली साखर वापरून होते आणि यकृत मागून भर घालत नाही, म्हणून पुढे सकाळपर्यंत दर तासाला तपासायचं.

काळी कॉफी, बिनसाखरेचं लिंबूपाणी, ताक, थंड पाण्याची अंघोळ, बोटं घालून उलटी: यातल्या कशानेही साखर वर येत नाही. वेळ मात्र जातो.

बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर

तोंडात काहीही ओतू नका. साखरपाणी श्वासनलिकेत जाऊन माणूस गुदमरतो. कुशीवर वळवा, वरचा पाय गुडघ्यात दुमडा, तोंड किंचित खाली येऊ द्या, म्हणजे उलटी झाली तर बाहेर पडेल. १०८ लावा, आणि फोनवर ‘पिऊन पडलाय’ असं न म्हणता सांगा: ‘मधुमेही आहे, गोळी किंवा इन्सुलिन घेतो, साखर कमी झाली आहे, बेशुद्ध आहे.’ गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.

घरी ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन असेल तर द्या, पण त्याच्या भरवशावर थांबू नका. ग्लुकॅगॉन कणगीचं झाकण उघडतं; कणगीच रिकामी असेल तर काय बाहेर येणार? उपाशी प्यायलेल्या माणसात ते अनेकदा कमी पडतं. खरा उपाय शिरेतून ग्लुकोज.

काकांना २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिलिलिटर शिरेतून दिलं. पिण्याची सवय जुनी आणि जेवण कमी, म्हणून सोबत थायामिन. बी१ कमी असलेल्या माणसाला नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. पाचेक मिनिटांत त्यांनी डोळे उघडले, कॉलरला हात लावून म्हणाले, “पाऊस पडला का?” साखर १४२. मुलगा लगेच म्हणाला, “मग आता घरी नेतो.”

इथेच अनेक जण चुकतात. ग्लिमेपिराइडचा असर दिवसभर टिकू शकतो, मूत्रपिंडं कमजोर असतील तर त्याहून जास्त. सलाइन काढली की साखर पुन्हा घसरते. मुलाला हे समजावून काकांना १० टक्के डेक्स्ट्रोजवर ठेवलं, दर तासाला बोट टोचत राहिलो. नाश्ता केला, नऊला साखर १२८. साडेअकराला, मुलाशी गप्पा मारत बसलेले असताना, पुन्हा ६१. थंड घाम तेवढा परत आला होता. या वेळी मुलाने आधी त्यांच्या कपाळाला हात लावला आणि मला हाक मारली.